अठ्ठावीस : बोली

अठ्ठावीस या चार खेळाडूंच्या पत्त्यांच्या खेळात, अर्धीच पाने हातात असताना, आपली जोडी किती गुण जिंकेल याची प्रत्येकाने लावायची बोली. सत्तीपासून एक्क्यापर्यंतची बत्तीस पाने घेतात. गुलामाचे ३, नव्वीचे २, एक्का आणि दश्शी यांचा प्रत्येकी १ गुण. राजा, राणी, अठ्ठी, सत्ती कोरी. एका रंगात ७ आणि चार रंगांत मिळून २८ गुण होतात, त्यावरून खेळाचे नाव पडले. पानांची उतरंडही गुलाम, नव्वी, एक्का, दश्शी, राजा, राणी, अठ्ठी, सत्ती अशीच. समोरासमोरचे दोघे भिडू असतात आणि वाटणी-उतारी उजवीकडून चालते.

उगमाबद्दल दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार हा खेळ युरोपातील ‘यास’ कुळातला असून डच व्यापाऱ्यांबरोबर तो दक्षिण भारतात आला. कोचीन १६६३ ते १७९५ या काळात डचांकडे होते, सिलोनच्या किनारपट्टीवरही त्यांचा अंमल होता, त्यामुळे भूगोल या मताच्या बाजूने आहे. दुसऱ्या मतानुसार, १८६० पासून दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात मजुरीला गेलेल्या हिंदी लोकांनी तिथल्या डच वंशाच्या आफ्रिकानेर वस्तीत हा खेळ उचलला आणि परतताना सोबत आणला. यास कुळाचा स्वित्झर्लंडमधील पहिला ज्ञात उल्लेख १७९६ चा आहे. म्हणजे डचांचे कोचीन हातचे गेल्यानंतरचा. पण तेवढ्यावरून पहिले मत मोडीत निघत नाही, कारण खेळ कागदावर येण्याआधी बराच काळ हातांत फिरलेला असतो. अडचण वेगळीच आहे. यास कुळातल्या क्लावरयास या डच खेळात गुलाम आणि नव्वी फक्त हुकमाच्या रंगात चढतात (२० आणि १४ गुण), इतर रंगांत एक्काच वरचढ राहतो. अठ्ठावीसमध्ये ही बढती चारही रंगांना मिळाली आहे. मधला दुवा म्हणून श्रीलंका, तमिळनाडू, कर्नाटक किनारा आणि महाराष्ट्रातही खेळला जाणारा ३०४ हा खेळ दाखवता येतो. त्यात गुलाम ३०, नव्वी २०, एक्का ११, दश्शी १०, राजा ३ आणि राणी २, म्हणजे एका रंगात ७६. एक्का ११ आणि दश्शी १० ही यास कुळाची जुनी खूण तिथे शिल्लक आहे. अठ्ठावीस ही त्याच हिशोबाची, दहाने भागून सोपी केलेली आवृत्ती असावी, हे म्हणणे अधिक पटते.

पहिली चार-चार पाने वाटल्यावर बोली सुरू होते. वाटणाऱ्याच्या उजवीकडच्याला किमान १४ बोलावेच लागते, बाकीचे चढवतात किंवा पास म्हणतात. ज्याची बोली टिकते तो हातातले एक पान पालथे ठेवून हुकूम ठरवतो. पंखा चालू असला तर ते पेल्याखाली दाबून ठेवतात. मग उरलेली चार-चार पाने वाटली जातात. काही मंडळींत आठ पाने हाती आल्यावर २४ आणि त्यापुढच्या बोलीची दुसरी फेरी होते. चालू बोली आपल्याच भिडूची असेल तर ती २० च्या खाली चढवू नये, असाही दंडक बऱ्याच ठिकाणी पाळतात.

पहिल्या खेळाडूच्या १४ मधून काहीच कळत नाही, कारण ते सक्तीचे आहेत. खरी बातमी देते ती दुसऱ्याची १५, कारण त्याला पास म्हणता आले असते. नवखे खेळाडू नेमके उलटे करतात. भिडूने सुरुवातीला १४ म्हटले की त्याच्याकडे काहीतरी आहे असे समजून बोली चढवत जातात.

उदाहरणार्थ, पहिल्या चार पानांत बदामाचा गुलाम, नव्वी, सत्ती आणि इस्पिकचा एक्का आला. हातात ६ गुण झाले. न पाहिलेल्या २८ पानांत २२ गुण आहेत. त्यांतली आणखी चार आपल्याला आणि आठ भिडूला येणार, त्यामुळे सरासरीने आपल्या जोडीकडे १५ ते १६ गुणांची पाने असतील. बोली १५-१६ पर्यंत नेणे योग्य ठरते ते यामुळे. पुढच्या चार पानांत आणखी एक तरी बदाम येण्याची शक्यता शंभरात सत्तावन्नच्या आसपास आहे. म्हणजे तीनच हुकमांवर खेळण्याची तयारी ठेवावी.

आता प्रतिपक्षातला एक जण १७ म्हणाला. १८ बोलावे का? इथे जाणकार मिळवायचे गुण मोजत नाहीत, गमावता येणारे मोजतात. १८ म्हणजे जास्तीत जास्त १० सोडता येतील. बाहेरच्या तीन गुलामांपैकी प्रत्येक जण प्रतिपक्षाकडे असण्याची शक्यता सातात चार, म्हणजे सरासरीने पावणेदोन गुलाम तिकडे. गुलामाच्या हातावर त्याचा भिडू एक्का-दश्शी किंवा नव्वी चढवतो आणि तो हात पाच-सहा गुणांना जातो. असे दोन हात गेले की दहाचा आकडा गाठलाच. तेव्हा या पानांवर १८ ही कडेलोटावरची बोली आहे. हाती दुसरा गुलाम असता तर हरकत नव्हती.

कोणते पान पालथे ठेवायचे, याचाही बोलीशी संबंध आहे. पालथे पान हुकूम उघडेपर्यंत खेळता येत नाही. वरच्या हातातून सत्ती ठेवली आणि कुणी बदामाची उतारी केली तर गुलाम किंवा नव्वी टाकावीच लागते. पण दोन्ही पाने हात घेणारीच आहेत, आणि हुकूम उघडल्यावर गुलाम कुठे आहे हे कोणाला कळत नाही. गुलामच पालथा ठेवला तर तो सुरक्षित राहतो, मात्र उघडताच सगळ्यांसमोर येतो. हातात गुलाम आणि सत्ती एवढेच बदाम असतील तर मात्र सत्ती पालथी ठेवणे महागात पडते. बदामाच्या पहिल्याच उतारीला एकटा गुलाम बाहेर पडतो आणि कापायला फक्त ती पालथी सत्ती उरते. हुकूम उघडायला कोण लावतो, हेही महत्त्वाचे. उतारीच्या रंगाचे पान नसलेला कुणीही उघडायला सांगू शकतो, मात्र मग त्याच हातावर हुकूम असेल तर तो त्याला टाकावाच लागतो. त्यामुळे शहाणा प्रतिपक्षी कोरे पान टाकून गप्प राहतो.

पुण्यात पालथ्या हुकमाची कल्पना कोणाला समजवावी लागत नाही, कारण मेंढीकोटात बंद हुकूम असतोच. घोटाळा होतो दश्शीवर. मेंढीकोटात सारा डाव तिच्याभोवती फिरतो, म्हणून पेठेतला जुना गडी अठ्ठावीसला बसला की हातात तीन दश्श्या पाहून हटकून चढवतो. इथे त्या तीन गुणांच्याच असतात, आणि प्रत्येकीवर गुलाम, नव्वी, एक्का अशी तीन पाने बसलेली असतात. शिवाय तीन रंगांत विखुरलेले गुण हुकूम ठरवायला निरुपयोगी.

हिशोब ठेवण्याच्या पद्धती जागोजागी निराळ्या. बहुतेक मंडळींत बोली हरल्यास, जिंकल्यावर मिळते त्याहून जास्त द्यावे लागते. केरळात सारे गमावलेल्याला कानात ‘कुणुक्कु’ अडकवण्याची पद्धत आहे. बंगाल, बांगलादेश आणि नेपाळ येथे एकोणतीस खेळतात. त्यात हुकमाची राजा-राणी एकाच हाती असल्यास बोलीत चार गुणांचा फरक धरतात. सहा जणांच्या छप्पन्नमध्ये दोन जोड लागतात, आणि बोलीतून भिडूला रंग कळवण्याचे संकेत ठरलेले असतात.