फोटोत बाळ पिवळं दिसतंय? आधी दिवा बघा, मग बाळ बघा
(नवजात बाळाचं शूट करून घेणाऱ्या आई-बाबांसाठी, आमच्या नागपूरच्या स्टुडिओकडून)

बाळाचा फोटो घरच्या ग्रुपवर पडला की पहिला प्रश्न येतो, "बाळ पिवळं का दिसतंय?" कधी बाळाला खरंच कावीळ असते. कधी पिवळेपणा बल्बचा, भिंतीचा किंवा आत्याने आणलेल्या पिवळ्या दुपट्याचा असतो. आणि कधी नेमकं उलटं होतं: बाळ पिवळं असतं, पण फोटोत गोरंगुलाबी दिसतं. आम्हाला जास्त काळजी या तिसऱ्या प्रकाराची वाटते, कारण त्यात घरचे निर्धास्त होतात.

जन्मानंतर बाळाच्या रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी मोडतात आणि त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. नवं यकृत ते लगेच बाहेर टाकू शकत नाही, म्हणून ते अंगात साठतं. पूर्ण दिवसांच्या बाळात हा पिवळेपणा साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागतो, तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत जास्त असतो आणि बहुतेक वेळा दोन आठवड्यांत ओसरतो. आधी चेहरा, मग छाती, मग पोट आणि शेवटी पाय, अशा क्रमाने तो वरून खाली उतरतो.

आता दिव्याकडे या. बिलिरुबिन उजेडातला निळा भाग शोषून घेतं. त्वचेवरून परत येणाऱ्या उजेडात निळा कमी पडला की आपल्याला पिवळं दिसतं. दुकानात 'वॉर्म व्हाइट' म्हणून मिळणाऱ्या साधारण ३००० केल्विनच्या बल्बमध्ये निळा भाग मुळातच थोडा असतो. त्यामुळे त्याखाली सगळंच पिवळट दिसतं: चादर, भिंत, तुमचा स्वतःचा हात. शिवाय जो निळा बिलिरुबिनने शोषायचा तोच उजेडात फारसा नसल्यामुळे, कावीळ असलेलं आणि नसलेलं अंग जवळजवळ सारखं दिसतं. म्हणजे पिवळा दिवा निरोगी बाळाला पिवळं करतो आणि पिवळ्या बाळाचा पिवळेपणा लपवतोही.

त्यात फोनचा कॅमेरा आपलं डोकं चालवतो. चौकटीतल्या सगळ्या रंगांवरून तो उजेडाचा अंदाज बांधतो आणि रंग आपणहून बदलतो. चौकटीत फक्त बाळाचा गाल भरला असेल, तर 'इथला उजेडच पिवळा' असं धरून तो निळा वाढवतो आणि खरा पिवळेपणा पुसून टाकतो. त्याच खिडकीत, त्याच मिनिटाला, बाळाशेजारी पांढरी चादर घेऊन फोटो काढला तर रंग वेगळा येतो. ब्यूटी मोड चालू असेल तर रंगावर भरवसाच ठेवू नका. बघणाऱ्याच्या फोनवर रात्रीचा नाइट लाइट चालू असला, तरी चांगला फोटोही पिवळा दिसतो. दूरच्या आजीने "पिवळं दिसतंय" म्हटलं, तर आधी तिला तो मोड बंद करायला सांगा.

एक उदाहरण पाहू. मानेवाड्यातला फ्लॅट, मे महिना, बाळाचा चौथा दिवस. उन्हामुळे खिडक्या बंद, बाल्कनीला हिरवी नेट, भिंत क्रीम रंगाची, वर वॉर्म व्हाइट बल्ब. रात्री आठला काढलेल्या फोटोत बाळ चांगलंच पिवळं दिसतं. बाजूला ठेवलेल्या पांढऱ्या कागदाचे आकडे फोटो एडिटरमध्ये वाचले, तर लाल २३६, हिरवा २२०, निळा १७२ येतात. कागद पांढरा असताना निळा इतका खाली आहे, म्हणजे दिव्याने मोठा वाटा उचलला आहे. पण कागदाने एवढंच सिद्ध झालं. बाळाला कावीळ नाही, हे सिद्ध झालं नाही.

बाळ नीट दूध ओढत होतं, दुधासाठी आपणहून उठत होतं, म्हणून सकाळपर्यंत थांबता आलं. सकाळी दहाला सगळे दिवे बंद केले, हिरवी नेट बाजूला सारली (नेटमधून येणारा उजेड हिरवट असतो, त्यात कोणताच रंग खरा दिसत नाही), आणि थेट ऊन न येणाऱ्या खिडकीजवळ पांढऱ्या चादरीवर बाळाला ठेवलं. पिवळं झबलं-टोपडं काढलं, अंगावरचं तेल ओल्या कापडाने पुसलं. मग कपाळावर बोट हलकेच दाबून उचललं. दाबल्याने रक्त क्षणभर बाजूला होतं आणि त्वचेचा मूळ रंग उघडा पडतो. तिथे पिवळा ठसा दिसला. छातीवरही दिसला, पोटावर नाही. म्हणजे दिव्याचा पिवळेपणा होता आणि कावीळही होती. त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन बिलिरुबिन मोजून घ्यायचं, हा पुढचा टप्पा.

सावळ्या बाळात हा ठसा नीट कळत नाही. तिथे डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या बघा. डोळे मात्र ओढून उघडू नका, बाळ जागं झालं की आपोआप दिसतात. दुपट्याचा रंग ओळखायचा असेल तर तो हनुवटीखाली आणि गालाच्या खालच्या बाजूला जास्त पडतो, कपाळावर नसतो. काविळीत कपाळ सुटत नाही.

डोळ्यांनी बघून कावीळ आहे की नाही याचा अंदाज येतो, किती आहे ते कळत नाही. डॉक्टर त्वचेवर टेकवायच्या यंत्राने किंवा टाचेतून रक्त घेऊन ती मोजतात, आणि तो आकडा बाळाच्या वयाच्या तासांशी ताडून बघतात.

फोटो, दिवा, कागद यात वेळ न घालवता लगेच निघायचं ते केव्हा, हेही लक्षात असू द्या. पहिल्या २४ तासांत पिवळेपणा दिसला, पाय किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ दूध ओढत नाही, उठवूनही उठत नाही, कर्कश रडतं, अंग मागे ताणतं किंवा ताप आहे, तर रात्र असली तरी मेडिकल, मेयो किंवा जवळचं मुलांचं हॉस्पिटल गाठा. शी पांढुरकी किंवा खडूसारखी आणि लघवी गडद पिवळी होत असेल, किंवा १४ दिवसांनंतरही पिवळेपणा टिकून असेल, तर त्याच दिवशी दाखवा. पित्तनलिकेचा एक आजार असा असतो की त्याचं ऑपरेशन पहिल्या दोन महिन्यांत होणं चांगलं. कोवळ्या उन्हात ठेवून कावीळ घालवायचा प्रयत्न करू नका. त्याने उपचार होत नाही आणि आपल्याकडच्या उन्हात बाळाचं अंग तापतं.

आमच्या कामाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. अल्बमसाठी फोटो तयार करताना आम्ही त्वचेतला पिवळा आणि लाल मुद्दाम कमी करतो. म्हणून आमचा तयार फोटो बघून "कावीळ उतरली" असं कधीही समजू नका, आणि डॉक्टरांना तो दाखवू नका. प्रत्येक शूटमध्ये पहिली फ्रेम आम्ही ग्रे कार्ड शेजारी ठेवून, कॅमेऱ्याचा रंग ५५०० केल्विनवर पक्का करून खिडकीच्या उजेडात घेतो. ती न सुधारलेली फ्रेम मागितल्यास त्याच दिवशी मिळेल, पण तिच्यावरूनही निदान होत नाही.

बाळ निळ्या दिव्याखाली फोटोथेरपीत असेल तर शूट पुढे ढकलू. त्या दिव्यात कोणताच रंग ओळखता येत नाही, आणि उपचारानंतर त्वचा उजळलेली दिसली तरी रक्तातलं बिलिरुबिन अजून वर असू शकतं. डॉक्टरांनी सुट्टी दिल्यावर नवी तारीख घ्या. त्याचे जादा पैसे लागणार नाहीत.