मामाला सुपरहिरो केलं, पण चेहरा मामाचाच राहायला पाहिजे

मामाच्या साठाव्या वाढदिवसाला बॅनर करायचं ठरलं, त्यावर मामा सुपरहिरोच्या ड्रेसमध्ये, नागपूर म्हणून रंग संत्रा. फोटो फुटाळा तलावावरचा होता, संध्याकाळी रेलिंगला टेकून उभे, पांढरा शर्ट, थोडं पोट, हनुवटीवर तीळ. एआयच्या इमेज टूलमध्ये फोटो टाकला, ड्रेसचं वर्णन लिहिलं, आणि जे आलं ते बघून मामी म्हणाली, "हे कोण होय?" तीळ गायब, मिशी काळी कुळकुळीत, जबडा चौकोनी आणि पोट तर कुठंच नाही.

असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. आपल्याला वाटतं टूल फोटोवर ड्रेस चढवते, पण तसं नाही, मी वापरलं तसलं टूल फोटोवर आधी नॉइज टाकते, म्हणजे टीव्हीला मुंग्या यायच्या तसं करते, आणि मग ती नॉइज टप्प्याटप्प्याने काढत चित्र पुन्हा रंगवते. किती नॉइज टाकायची याचा आकडा ० ते १ मध्ये असतो, बऱ्याच टूलमध्ये त्याला डीनॉइझिंग स्ट्रेंग्थ म्हणतात. मी ०.७५ ठेवला होता, एवढ्या नॉइजखाली चेहऱ्याची बारीक ओळख बुडून जाते आणि टूलमागचं मॉडेल तिथं आपल्या अंदाजाने चेहरा भरते. मग ०.३ करून पाहिला तर चेहरा बराचसा मामाचाच राहिला, पण ड्रेस म्हणजे नुसता शर्टच संत्रा झाला, बटणं अन् खिसा जिथल्या तिथं. एकाच आकड्यात दोन्ही गोष्टी साधतच नाहीत.

अजून एक अडचण आहे जी पटकन दिसत नाही. स्टेबल डिफ्यूजनसारखी मॉडेलं (२०२२ मध्ये आलेलं) सरळ पिक्सेलवर काम करत नाहीत, आधी चित्र दोन्ही बाजूंनी ८ पट लहान करून आकड्यांच्या घरांत मांडतात आणि त्यावर काम करतात, म्हणजे उभे-आडवे ८ पिक्सेल मिळून एक घर. माझ्या फोटोची उंची १०२४ पिक्सेल, त्यात मामा ९०० आणि डोकं, माथ्यापासून हनुवटीपर्यंत, १२०. म्हणजे मॉडेलला अख्खं डोकं जेमतेम १५ घरांत मांडायचं होतं, आणि तीळ ५ पिक्सेलचा, तो एका घरातही पुरता नाही.

म्हणून मास्क वापरायचा. कॉलरच्या खालचा भाग ब्रशने रंगवायचा, टूल फक्त तेवढंच बदलते, चेहरा आणि हात बाहेर ठेवायचे. मास्क खांद्यावर अगदी शरीराच्या कडेला चिकटून काढा, कारण मी पहिल्यांदा दोन बोटं बाहेर काढला होता तर ती जागा मॉडेलने दंडाच्या बेटकुळ्यांनी भरून टाकली. पाठीमागची केप उडती हवी असेल तर फक्त तिकडं मोकळा सोडायचा.

आता पोट. कंट्रोलनेट नावाची जोडणी (२०२३) मूळ फोटोचा साचा मॉडेलला धरून ठेवायला लावते, त्यात बरेच लोक ओपनपोझ निवडतात, पण त्यात फक्त सांधे असतात, खांदा कुठं, गुडघा कुठं, जाडी नसतेच, त्यामुळे मॉडेल पोट सपाट करून मोकळं होतं. मी डेप्थ मॅप घेतला, त्यात कोणता भाग कॅमेऱ्याच्या किती जवळ ते राखाडी छटांत असतं, म्हणून पोटाचा उभार टिकला. फक्त शर्ट ढगळ असला की डेप्थ मॅप त्यालाच अंग समजतो, तेव्हा अंगाला बसणारा कपडा असलेलाच फोटो घ्यावा.

प्रमाण बरोबर आहे की नाही हे नजरेवर सोडू नका, मोजा. मूळ फोटोत ९०० ला १२० ने भागलं की साडेसात, म्हणजे मामा साडेसात डोकी उंच, मोठ्या माणसाचं साधारण एवढंच असतं. पहिल्या चित्रात उंची तेवढीच पण डोकं १०५ झालं होतं, म्हणजे साडेआठच्या वर, कॉमिक्समधले हिरो असेच लहान डोक्याचे काढतात अन् मॉडेल त्याच चित्रांवर शिकलेलं असते. खांद्याची रुंदीसुद्धा डोक्याच्या रुंदीशी अशीच ताडून पाहायची.

शेवटी मूळ चेहरा वरून पुन्हा चिकटवला, कारण लहान-मोठं करण्याच्या भानगडीत मास्कबाहेरचाही भाग जरा बदलतो. तरी डोकं वेगळं लावल्यासारखंच वाटत होतं, खूप वेळ कळलं नाही का ते. मग लक्षात आलं, मामाच्या हनुवटीखाली पांढऱ्या शर्टाचा उजेड पडलेला होता आणि आता खाली तर संत्रा ड्रेस आहे. हनुवटीखाली आणि मानेवर अगदी फिक्का संत्रा रंग फिरवला, साधारण दहा टक्के, ड्रेसवर फोटोसारखे थोडे दाणे टाकले, आणि मग मामीला दाखवलं, तिनं आधी तीळच पाहिला.