सगळे तुकडे शून्याकडे, बेरीज मात्र 0.693 कडे

शेजारची बारावीतली मुलगी परवा वही घेऊन आली. तिच्या उत्तरावर लाल फुली होती आणि चूक कुठे झाली हे तिला पटत नव्हतं. गणित असं होतं: n वाढत वाढत अनंताकडे गेला, तर

1/(n+1) + 1/(n+2) + 1/(n+3) + … + 1/(2n)

ही बेरीज कशाकडे जाते? तिने लिहिलं होतं, "प्रत्येक पद शून्याकडे जातं, म्हणून बेरीज शून्य." मला म्हणाली, "काका, बेरजेची लिमिट म्हणजे लिमिटांची बेरीज, हा नियमच आहे ना?"

नियम आहे, पण तो पदांची संख्या ठरलेली असेल तेव्हाचा. दोन पदं असोत की दोनशे, संख्या पक्की हवी. इथे n वाढला की पदं बारीक होतात हे खरं, पण त्यांची संख्याही तेवढीच वाढते. एकूण n पदं आहेत आणि त्यातलं सगळ्यात लहान पद 1/(2n) आहे. म्हणजे बेरीज निदान n गुणिले 1/(2n), अर्थात अर्धा, इतकी तरी असणारच. तसंच कुठलंही पद 1/n पेक्षा मोठं नाही, त्यामुळे बेरीज एकाच्या वर जात नाही. उत्तर अर्धा आणि एक यांच्या मध्ये कुठेतरी आहे. नेमकं कुठे, हे शोधायला मी तिला आलेख कागद आणायला सांगितलं.

आधी एक छोटी हातचलाखी. प्रत्येक पदातून 1/n बाहेर काढायचा. 1/(n+r) म्हणजे 1/n गुणिले 1/(1 + r/n). आता याच्याकडे गुणाकार म्हणून न बघता आयताचं क्षेत्रफळ म्हणून बघा. आयताची रुंदी 1/n, आणि उंची 1/(1+x) या वक्राची x = r/n इथली उंची. अपूर्णांकांची बेरीज बघता बघता आयतांची रांग झाली.

n = 5 घेऊन आम्ही ती रांग कागदावर काढली. एक एकक म्हणजे 10 सेंटिमीटर. शून्यापासून एकापर्यंत 2 सेंटिमीटर रुंदीचे पाच आयत. वक्र डावीकडे 10 सेंटिमीटर उंचीवर सुरू होतो आणि उतरत उतरत उजवीकडे 5 वर येतो. प्रत्येक आयताची उंची त्याच्या उजव्या कडेवरून घेतली: 8.33, 7.14, 6.25, 5.56 आणि 5. वक्राच्या पोटात बसलेला हा उतरता जिना म्हणजेच आपली बेरीज, 1/6 + 1/7 + 1/8 + 1/9 + 1/10, साधारण 0.6456.

मग त्याच पट्ट्यांवर दुसरा जिना काढला, या वेळी उंची डाव्या कडेवरून घेऊन: 10, 8.33, 7.14, 6.25, 5.56. हा वक्राच्या वर डोकं काढतो. वक्राखालचं खरं क्षेत्रफळ या दोन जिन्यांच्या मध्ये अडकलेलं असतं.

मला सगळ्यात आवडतो तो भाग यापुढचा. दोन जिन्यांमधले फरकाचे पाच तुकडे तिला कात्रीने कापायला सांगितले. प्रत्येक तुकडा 2 सेंटिमीटर रुंद. पहिला सगळ्यात उंच, शेवटचा सगळ्यात बुटका. ते सरकवून एकावर एक रचले, आणि एकच खांब तयार झाला: 2 सेंटिमीटर रुंद आणि बरोबर 5 सेंटिमीटर उंच. बरोबर 5 च का? कारण एका तुकड्याची खालची कड हीच पुढच्या तुकड्याची वरची कड असते. सगळे मिळून वक्राचा 10 पासून 5 पर्यंतचा पूर्ण उतार भरून काढतात. n = 10 घेतला तर खांब 1 सेंटिमीटर रुंद होईल, n = 100 ला 1 मिलिमीटर. उंची मात्र 5 सेंटिमीटरच राहणार. म्हणजे दोन जिन्यांतला फरक नेहमी 1/(2n), आणि n वाढला की तो शून्याकडे जातो. मधल्या क्षेत्रफळाला हलायला जागाच उरत नाही, म्हणून दोन्ही जिने त्याच्याकडेच जातात.

ते क्षेत्रफळ म्हणजे डेफिनिट इंटिग्रल, मराठीत निश्चित समाकल: 1/(1+x) चा, 0 पासून 1 पर्यंत. त्याची किंमत नैसर्गिक log 2, म्हणजे 0.693147 च्या आसपास. या वक्राला अपास्त म्हणतात, आणि त्याखालचं क्षेत्रफळ लॉगरिदमसारखं वागतं हे सतराव्या शतकाच्या मध्यालाच युरोपात लक्षात आलं होतं. पडताळा घ्यायचा तर n = 10 ला बेरीज 0.6688 येते, n = 100 ला 0.6907. कमी पडणारा भाग साधारण 1/(4n) आहे, म्हणजे खांबाच्या निम्मा, कारण वक्र प्रत्येक तुकड्याला जवळपास कर्णावर कापतो.

हल्ली याच गणितावर तीस सेकंदांचे व्हिडिओ फिरतात: "r/n दिसलं की x, 1/n दिसलं की dx, सिग्माच्या जागी इंटिग्रल, 0 ते 1, झालं!" या मंत्रावर माझा राग आहे, कारण तो खांब दाखवत नाही आणि दोन ठिकाणी हमखास फसवतो.

पहिली जागा सीमांची. बेरीज 2n ऐवजी 3n पर्यंत न्या. r आता 1 पासून 2n पर्यंत जातो, म्हणून r/n शून्याजवळून निघून 2 वर थांबतो. इंटिग्रल 0 ते 2 आणि उत्तर log 3, साधारण 1.0986. सवयीने "0 ते 1" लिहिलं तर पुन्हा 0.693 येईल. ते चूक आहे हे n = 1 घेऊन लगेच कळतं: 1/2 + 1/3 हेच 0.83 होतं, आणि n वाढला की ही बेरीज वाढतच जाते.

दुसरी जागा जास्त फसवी आहे. 1/√(n²+r²) ची r = 1 ते n बेरीज घ्या. 1/n बाहेर काढला की आत 1/√(1 + (r/n)²) उरतं, आणि उत्तर येतं log(1+√2), सुमारे 0.881. आता r वरचा वर्ग काढून टाका: 1/√(n²+r). 1/n बाहेर काढल्यावर आत r/n नाही, r/n² उरतं. ते शून्यापासून जेमतेम 1/n पर्यंतच पोचतं. वक्राच्या उंच्या 0 ते 1 या पूर्ण पट्ट्यात मोजल्याच जात नाहीत, सगळ्या शून्यापाशी गर्दी करतात आणि तिथे उंची 1 आहे. म्हणून बेरीज 1 कडे जाते. इथे इंटिग्रल नको, दोन बाजूंनी आवळणं पुरतं: बेरीज n/√(n²+n) आणि n/√(n²+1) यांच्या मध्ये आहे, आणि दोघंही 1 कडे जातात.

जाता जाता तिने विचारलं, "आणि 1/(n+1) पासून थेट 1/n² पर्यंत बेरीज केली तर?" मग r/n ला थांबायला ठरलेली जागाच नाही, तो n-1 पर्यंत पळतो. बेरीज जवळजवळ log n इतकी होते. n = 1000 ला प्रत्येक पद एक हजारांशापेक्षा लहान, अशी 9,99,000 पदं, आणि बेरीज साधारण 6.9. n आणखी वाढवला की तीही वाढते, हळूहळू, पण कुठेच न थांबता.