रस्ता ओलांडायला सहा सेकंद लागतात

मुलांनो, बसा खाली. आज फक्त रस्ता ओलांडण्याबद्दल बोलते. परवा आपण मैदानावर फक्कीने दोन रेघा मारल्या होत्या, सात मीटर अंतरावर, शाळेसमोरचा रस्ता साधारण तेवढाच रुंद आहे ना, आणि सातवीतल्या दहा जणांना दप्तर पाठीवर घेऊन नेहमीच्या चालीने ती पट्टी पार करायला सांगितली. बहुतेकांना सहा सेकंद लागले. सायकल हातात धरून चालत गेले त्यांना आठ.

आता हे सहा सेकंद गाडीच्या बाजूने बघा. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर येते. म्हणजे तुम्ही या कडेवरून त्या कडेला जाईपर्यंत ती ८० मीटरच्या वर पुढे आलेली असते. आपलं खो-खोचं मैदान २७ मीटर लांब असतं, तशी तीन मैदानं एकापुढे एक टाका, तेवढं. "लांब आहे अजून, जाऊया पटकन" असं आपण म्हणतो तेव्हा ती गाडी खरं तर किती लांब असते? मी गेटवर उभी राहून रोज बघते, बऱ्याचदा दीड मैदानावर असते.

आपण चुकतो कुठे, तर डोळ्यांत. समोरून सरळ आपल्याकडे येणारी गाडी बाजूला सरकताना दिसत नाही, ती फक्त मोठी मोठी होत जाते, आणि तेवढ्यावरूनच आपल्याला तिचा वेग ओळखायचा असतो. पण अंतर अर्धं झालं की मगच ती दुप्पट मोठी दिसते. ८० मीटरवरची गाडी ४० वर यायला तीन सेकंद जातात, तेवढ्यात ती एकदाच दुप्पट होते, म्हणून ती हळूच येतेय असं वाटतं. मग ४० वरून २० ला दीड सेकंद, २० वरून १० ला पाऊण सेकंदाच्या आत. तुम्ही तीन सेकंदांनी रस्त्याच्या बरोब्बर मध्ये पोचता आणि नेमकी तेव्हाच ती गाडी एकदम अंगावर आल्यासारखी वाटायला लागते, मग काही जण थबकतात, काही जण मागे पळतात, आणि ड्रायव्हरला कळत नाही की आता हा मुलगा कुठे जाणार. लंडनच्या रॉयल हॉलोवे कॉलेजातल्या संशोधकांनी २०११ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांवर हेच तपासलं होतं, तेव्हा दिसलं की ताशी साधारण ३२ किलोमीटरच्या वर गेलेली गाडी जवळ येतेय हे मुलांच्या नजरेला नीट पकडता येत नाही. मोठ्यांना ते जास्त जमतं. तुमचं लक्ष नसतं असं नाही रे, ही नजर वयाबरोबर तयार होते. मोटरसायकल तर अंगाने बारीक, त्यामुळे ती आहे त्यापेक्षा लांब वाटते.

ड्रायव्हर थांबेल की, असं म्हणाल. त्याने तुम्हाला बघून पाय ब्रेकवर नेईपर्यंत साधारण एक सेकंद जातो, त्यात १४ मीटर गेले, आणि ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर अजून १४ मीटर. झालं एक खो-खोचं मैदान. पावसात ब्रेकनंतरचं अंतर जवळपास दुप्पट धरा.

म्हणून वेग ओळखायच्या भानगडीत पडूच नका, खूण ठरवा. आज शाळा सुटल्यावर मी आणि पीटीचे सर गेटवर टेप घेऊन उभे राहणार आहोत, दोन्ही बाजूंना तीन-तीन मैदानांवर काय येतं ते प्रत्येकाने बघून ठेवायचं, झाड असेल, खांब असेल, पानटपरी असेल. गाडी त्या खुणेच्या आत असली तर थांबायचं, मग ती कितीही हळू वाटो. सायकलवाल्यांनी चार मैदानं धरायची आणि उतरून चालत जायचं. उजवीकडे, डावीकडे आणि परत उजवीकडे बघा म्हणतो ना, ते परत कशाला, तर डावीकडे बघण्यात तुमचे दोन-तीन सेकंद गेलेले असतात आणि तेवढ्यात उजवीकडची मघाशी खुणेबाहेर असलेली गाडी आत आलेली असते.

खूण एकाच ठिकाणी उपयोगी पडत नाही, उभ्या असलेल्या बसच्या पुढून जाताना. एसटीतून उतरलं की लगेच तिच्या नाकासमोरून पलीकडे धावायची बऱ्याच जणांना सवय आहे. तिथे तुम्हाला खूणही दिसत नाही आणि बसला ओव्हरटेक करणाऱ्या मोटरसायकलवाल्याला तुम्हीही दिसत नाही, तुमचं डोकं बसच्या कोपऱ्यातून बाहेर आलं तेव्हाच तो पहिल्यांदा तुम्हाला बघतो. तो अगदी ३० च्या वेगाने आला तरी थांबायला त्याला १३ मीटर लागतात आणि तुमच्यात नि त्याच्यात तेव्हा दोन-तीनच असतात. एसटी निघून जाऊ द्या. ती थांब्यावर अर्धा-एक मिनिट थांबते, तेवढा वेळ कडेला उभं राहायचं, रस्ता मोकळा दिसला की खूण बघायची आणि मग निघायचं.

पाचवीवाल्यांनी टेपचं टोक धरायला पहिल्यांदा यायचं.