चक्रवाढ आणि बचतीची लवकर सुरुवात

मिळालेले व्याज मुद्दलात मिळवून पुढच्या मुदतीचे व्याज त्या वाढलेल्या रकमेवर आकारले, की त्याला चक्रवाढ व्याज म्हणतात. सरळ व्याजात दरवर्षी सारखीच भर पडते. चक्रवाढीत दरवर्षीची भर आधीच्या वर्षापेक्षा मोठी असते. म्हणून दरमहा सारखीच रक्कम बाजूला टाकणाऱ्या दोघांपैकी एकाने दहा वर्षे आधी सुरुवात केली, तर शेवटी दोघांच्या रकमांमधला फरक दहा वर्षांच्या हप्त्यांपुरता राहत नाही. तो किती होतो आणि नेमका कुठून येतो, हे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या, म्हणजे पीपीएफच्या हिशेबावरून चांगले समजते.

१९६८ च्या कायद्याने सुरू झालेल्या या योजनेत व्याज दर महिन्याच्या शिलकीवर मोजतात, पण खात्यात वर्षातून एकदाच, ३१ मार्चला जमा करतात. ते करमुक्त असते. दर सरकार ठरवते. १९८६ पासून २००० च्या सुरुवातीपर्यंत तो १२ टक्के होता. एप्रिल २०२० मध्ये तो ७.१ टक्क्यांवर आला आणि पुढे कित्येक वर्षे तिथेच राहिला. पस्तीस वर्षे एकच दर टिकेल असे कोणी समजू नये, पण तुलनेपुरता इथे ७.१ टक्केच धरला आहे.

एकाच वयाच्या दोन मैत्रिणी घेऊ. पहिली पंचविसाव्या वर्षापासून दरमहा ५,००० रुपये भरते, दुसरी पस्तिसाव्या वर्षापासून तेवढेच भरते आणि दोघी साठाव्या वर्षी थांबतात. पहिलीने एकूण २१ लाख भरले, दुसरीने १५ लाख. साठीला पहिलीच्या खात्यात सुमारे ८८ लाख ३ हजार रुपये असतात, दुसरीच्या खात्यात ३९ लाख ९८ हजार. भरण्यातला फरक ६ लाखांचा, मिळण्यातला ४८ लाखांचा.

हे ४८ लाख कुठून आले? पस्तिशीनंतर दोघी तेच हप्ते त्याच दराने भरतात, म्हणजे त्या पंचवीस वर्षांचे फळ दोघींना सारखेच, ३९ लाख ९८ हजार. फरक फक्त एका गोष्टीचा आहे. पस्तिशीच्या दिवशी पहिलीच्या खात्यात आधीच ८ लाख ६५ हजार जमलेले होते. या दराने रक्कम दुप्पट व्हायला जेमतेम दहा वर्षे लागतात, त्यामुळे पंचवीस वर्षांत ती साडेपाच पट होते. ८ लाख ६५ हजारांचे साडेपाच पट म्हणजे सुमारे ४८ लाख. संपूर्ण तफावत एवढीच. (जुन्या हिंदू कायद्यातल्या दामदुप्पट नियमाने, जो मुंबई इलाख्यातील न्यायालयेही मानत, सावकाराला थकलेले व्याज एका वेळी मुद्दलाहून जास्त वसूल करता येत नसे. चक्रवाढ किती लांब धावते हे ऋणकोच्या बाजूने फार पूर्वीच कळले होते, असे म्हणायला हरकत नाही. ठेवीदाराला अशी मर्यादा नाही.)

हाच फरक दुसऱ्या टोकाकडूनही दिसतो. पन्नाशीला पहिली तिथे उभी असते, जिथे दुसरी साठीला पोहोचणार असते. तिथून पुढची दहा वर्षेच ४८ लाखांची भर घालतात. अगदी शेवटच्या एका वर्षात हप्ते ६० हजारांचे आणि व्याज सुमारे ५ लाख ८० हजारांचे असते. उशिरा सुरू करणाऱ्याला वाटते आपली सुरुवातीची, किरकोळ वाढीची वर्षे हुकली. प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला येत नाहीत ती शेवटची, मोठ्या वाढीची वर्षे. दुसरीला पहिलीची बरोबरी करायची तर पस्तिशीपासून दरमहा सुमारे ११,००० रुपये भरावे लागतील.

या विषयावर एक दावा हमखास केला जातो: पहिलीने दहा वर्षे भरून हप्ते कायमचे थांबवले, तरी ती पंचवीस वर्षे भरणाऱ्या दुसरीच्या पुढेच राहील. वरच्या हिशेबात तो खरा ठरतो. ६ लाख भरलेल्या पहिलीचे ४८ लाख होतात, १५ लाख भरलेल्या दुसरीचे ४० लाखही पुरते होत नाहीत. पण हा दराचा खेळ आहे. दर सुमारे ५.८ टक्क्यांच्या खाली गेला की दावा कोसळतो आणि चिकाटीने भरत राहणारी दुसरी पुढे जाते. दावा करणारे ही अट सहसा सांगत नाहीत. बँकेची मुदत ठेव ७.१ टक्क्यांची असली, तरी ३० टक्के प्राप्तिकर भरणाऱ्याच्या हाती त्यातले पाचच टक्के उरतात, म्हणजे तो या रेषेच्या खालीच असतो. उलट १२ टक्के धरून केलेल्या म्युच्युअल फंडांच्या गणितात शेवटपर्यंत भरणाऱ्या पहिलीची रक्कम दुसरीच्या सव्वातीन पट दिसते. पण तो दर कोणी लिहून दिलेला नसतो.

तुलनेत आणखी एक गोष्ट झाकली जाते. दोघी ‘सारखेच’ ५,००० भरतात हे कागदावर खरे असले, तरी पंचविशीतले ५,००० जड असतात. महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर दहा वर्षांनी तेवढेच ओझे सुमारे ८,९५० रुपयांचे असते. दुसरीने पस्तिशीत तेवढे भरायला सुरुवात केली, तर साठीला तिच्याकडे ७१ लाख ६० हजार जमतात आणि तफावत ४८ लाखांवरून साडेसोळा लाखांवर येते. लवकर सुरुवातीचा फायदा तरीही उरतो, पण तो जाहिरातीतल्या फायद्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. शिवाय ६ टक्के महागाईत पहिलीचे साठीचे ८८ लाख म्हणजे तिच्या पंचविशीच्या भावाने साडेअकरा लाखच. दुसरीच्या रकमेलाही तोच भागाकार लागतो, त्यामुळे दोघींमधले प्रमाण बदलत नाही.

आधी सुरू करूनही फायदा हातचा जातो तो मुख्यतः मधे रक्कम काढल्याने. नोकरी सुटली की जुना पीएफ काढून लग्नात, गाडीत किंवा फ्लॅटच्या पहिल्या रकमेत घालण्याचा प्रकार ओळखीचा आहे. पस्तिशीला ८ लाख ६५ हजार काढून टाकले, की पंचविशीत सुरू करणारी व्यक्ती हिशेबापुरती पस्तिशीत सुरू करणारी होते. पीपीएफमध्ये रक्कम अशी सहज मोकळी होत नाही. तिथली चूक वेगळी असते. खात्याची मुदत १५ वर्षांची, त्यापुढे पाच-पाच वर्षांची मुदतवाढ. हप्ते चालू ठेवून मुदतवाढ हवी असेल, तर मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत तसा अर्ज द्यावा लागतो. तो राहून गेला, तर जुन्या शिलकीवर व्याज मिळत राहते, पण पुढे भरलेल्या हप्त्यांवर मिळत नाही.

आणि पाच तारीख. त्या महिन्याचे व्याज पाच तारखेच्या शेवटापासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर धरतात. सहा तारखेला भरलेल्या हप्त्याला त्या महिन्याचे व्याज मिळत नाही. दरमहा ५,००० रुपयांवर हे नुकसान वर्षाला अवघे ३५५ रुपयांचे. पस्तीस वर्षे प्रत्येक हप्ता असाच उशिरा गेला, तर साठीला खात्यात सुमारे ५० हजार रुपये कमी असतात.