दीड मीटरच्या दुपट्ट्याला अडीच मीटर ताणा

नागपूरच्या मे महिन्यात डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय घराबाहेर पडवत नाही. असाच एक सुती दुपट्टा मी घरच्या रिजिड हेडल लूमवर, म्हणजे एकाच फणीच्या छोट्या हातमागावर, विणायला घेतला. धुऊन तयार झाल्यावर तो दीड मीटर लांब आणि ३५ सेंटीमीटर रुंद हवा होता. दहा टक्के जास्तीचे धरून १६५ सेंटीमीटर ताणा, म्हणजे उभे धागे, लावला. विणून झालं तेव्हा हाती जेमतेम ९५ सेंटीमीटर कापड आलं, आणि धुतल्यावर तेही ८५ वर आलं.

गोळीबार चौकाकडच्या एका म्हाताऱ्या कोष्टी आजोबांना हे सांगितलं, तर ते हसले. "पोरी, कापड नंतर मोज. आधी वाया जानारं मोज."

म्हणजे हिशोब उलटा करायचा, धुतलेल्या कापडापासून मागे मागे जात. सुती कापड मागावरून उतरल्यावर आणि धुतल्यावर मिळून साधारण दहा टक्के आटतं. धुऊन १५० सेंटीमीटर उरायचं तर मागावर १५० भागिले ०.९, म्हणजे १६७ विणायला हवं. ताण्याचा धागा कापडात सरळ जात नाही. तो बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, वरून-खालून नागमोडी जातो आणि त्या वळणांत आणखी दहा टक्के खपतो. १६७ भागिले ०.९ म्हणजे १८६. शिवाय दोन्ही टोकांच्या गाठी आणि फणीच्या मागे अडकून राहणारा, कधीच विणता न येणारा तुकडा. माझ्या मागावर हा ६० सेंटीमीटर होतो. एकूण २४६, म्हणून अडीच मीटर. हे दहा टक्के काही दगडावरची रेघ नाहीत. सूत बदललं की ते बदलतात, त्यामुळे एक छोटा नमुना विणून, धुऊन मोजावा.

रुंदीचंही तसंच. आटणं आणि विणताना कडा आत ओढल्या जाणं धरून ३५ ऐवजी ४१ सेंटीमीटर घेतले. माझ्या फणीत दर सेंटीमीटरला चार धागे बसतात, म्हणजे १६४ धागे. हे सूत त्या फणीला योग्य आहे का, हे पट्टीवर कळतं. पट्टीवर सूत चिकटून गुंडाळलं तर एका सेंटीमीटरमध्ये आठ वेढे यावेत. साध्या विणीत ताण्याच्या दर दोन धाग्यांमधून बाणा जातो आणि तो एका धाग्याएवढी जागा खातो, म्हणून वेढ्यांच्या निम्मे धागे.

आता धागे भरणं. या फणीत एक लांब फट, एक छिद्र, पुन्हा फट, अशी रांग असते. मागच्या दांडीपासून अडीच मीटरवर टेबलाला एक खुंटी आवळायची. मागच्या दांडीला सूत बांधून, त्याचा दुहेरी फास प्रत्येक फटीतून ओढून खुंटीवर घालायचा. छिद्रं सध्या रिकामीच ठेवायची. ८२ फटी झाल्या की १६४ धागे झाले. मग खुंटीवरचे फास सोडून, कापून, सगळा ताणा मागच्या रुळावर गुंडाळायचा.

या गुंडाळण्यातच सगळं बिघडतं. थरांमध्ये जाड कागद घातला नाही तर वरचे धागे खालच्या धाग्यांमध्ये रुततात. एखादा धागा फक्त एक मिलिमीटर आत गेला, तर प्रत्येक वेढ्याला त्याचा रस्ता २π मिलिमीटरने, म्हणजे सव्वासहा मिलिमीटरने आखूड होतो. पंधरा वेढ्यांत हा फरक नऊ सेंटीमीटरांच्या पुढे जातो! विणताना तेवढं सूत कमी पडतं. तो धागा ताठ होतो, शेजारचे लोंबतात आणि कापड लाटांसारखं फुगतं. कागद ताण्याच्या रुंदीपेक्षा अरुंद असला तर हे कडांवर हमखास घडतं.

गुंडाळून झालं की प्रत्येक फटीतल्या दोन धाग्यांपैकी एक काढून शेजारच्या छिद्रात ओवायचा, सगळीकडे एकाच बाजूच्या छिद्रात. साध्या विणीचं गुपित एवढंच. फणी उचलली की छिद्रातले धागे वर जातात, फटीतले जागीच राहतात. फणी दाबली की छिद्रातले खाली जातात. मधल्या पोकळीतून बाणा जातो. नंतर आठ-आठ धाग्यांचे झुपके पुढच्या दांडीला बांधायचे आणि तळहाताने थोपटून सैल झुपका शोधायचा.

बाणा घालण्याआधी फणी उचलून बाजूने, दिव्याच्या उजेडात बघा. एखादं छिद्र राहून गेलं असेल तर दोन-तीन शेजारी धागे एकत्र हलतात आणि कापडात वरून खालपर्यंत एक उभी जाड रेघ दिसते. धागा तिरपा जाऊन पोकळी अडवत असेल, तर तो फणीच्या मागे शेजाऱ्याला ओलांडून गेलेला असतो. सुटलेल्या छिद्राच्या फटीतच दोन्ही धागे उरले असतील तर त्यातला एक छिद्रात ओवला की झालं. पण मध्येच बाजू बदलली असेल, तर तिथपासून कडेपर्यंतचे सगळे झुपके सोडून पुन्हा ओवावे लागतात. मी एकदा हे दहा ओळी विणल्यावर पाहिलं, तेव्हा त्या दहाही ओळी उसवल्या.