बियाणं घेण्याआधी रान पावलांनी मोजा

औसा तालुक्यातले आमच्या दुकानाचे एक जुने ग्राहक, आप्पा, दरवर्षी सोयाबीनच्या ३० किलोच्या दोन पिशव्या नेतात. सातबारावर ८० आर, म्हणजे दोन एकराला दोन पिशव्या, असा त्यांचा हिशेब. यंदा घरचं बियाणं पेरायचं म्हणून त्यांनी मुलाला सोबत घेऊन रान पावलांनी मोजलं.

पहिल्याच बांधावर वाद झाला. आप्पांची पावलं भरली १३२, पोराची १२०. "तू मधली खाल्लीस," आप्पा म्हणाले. खरं तर दोघांचंही बरोबर होतं. ३३ फुटी दोर त्याच ढेकळांच्या रानात पाच वेळा लावून १६५ फुटांवर खूण केली आणि दोघं पुन्हा चालले. आप्पांची ६६ पावलं झाली, पोराची ६०. म्हणजे आप्पांचं पाऊल अडीच फुटांचं, पोराचं पावणेतीन. कुणाच्याही पावलांनी मोजा, लांबी ३३० फूटच येते. मात्र हे माप रस्त्यावर घेऊ नका, नांगरटीत पाऊल आखूड पडतं.

रान एका टोकाला रुंद, दुसऱ्याला निमुळतं. आप्पांनी दोन्ही टोकं चालून पाहिली: १०४ पावलं म्हणजे २६० फूट, ७२ म्हणजे १८०. सरासरी २२० फूट. ३३० गुणिले २२० म्हणजे ७२,६०० चौरस फूट. एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, तेव्हा साधारण ६६.७ गुंठे झाले. त्यातून विहीर, कडुलिंब आणि गोठ्याचे ४ गुंठे वजा. पेरायला उरले ६२.७ गुंठे, म्हणजे जेमतेम १.५७ एकर. बाकीचं बांधात, ओढ्याकाठच्या पडीक तुकड्यात आणि वाटेत गेलेलं. सातबारा मालकी सांगतो, तिफण कुठं चालते ते नाही.

तिफणीनं पेरताना एकरी ३० किलो हे प्रमाण ७० टक्के उगवणीला धरलेलं आहे. तेवढी उगवण असती तर ४७ किलोत भागलं असतं, म्हणजे दरवर्षी १३ किलो जास्तीचं जात होतं. दाट पेरलेलं सोयाबीन उंच वाढून लोळतं आणि शेंगा कमी धरतं, ते नुकसान वेगळंच.

पण आप्पांनी ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवले होते, त्यातले ६४ उगवले. सत्तरच्या खाली दर टक्क्याला एकरी अर्धा किलो वाढवायचं, म्हणून ३३ किलो एकरी. १.५७ एकराला ५२ किलो लागलं. साठच्या खाली उगवण असेल तर ते बियाणं पेरू नका, मिलला घाला. बीबीएफ यंत्रानं पेरणार असाल तर एकरी २२ किलोपासून हिशेब धरा.

३३ फुटी दोर दुकानात खुंटीला टांगलेला आहे. न्या, मोजा, दुसऱ्या दिवशी परत आणून द्या. आकडे कागदावर लिहून आणलेत तर काउंटरवर गुणाकार आम्ही करून देऊ.